डोकं, दोन गोळ्या आणि नागपूरचा मे महिना

[पहाट, सीताबर्डी. हातगाडीवर तर्रीचं पातेलं, वाफ]

सकाळचे सहा वाजलेत, आणि काकूंची तर्री उकळायला लागलीय. त्या साडेतीनला उठतात, कांदा चिरतात, पोहे भिजवतात, आणि गाडी लावून झाली की पदराची गाठ सोडून पहिली गोळी घेतात. उपाशीपोटीच. सोबत चहाचा अर्धा कप.

"डोकं दुखून राहिलं ना बाप्पा, होळीपासून रोजच," असं काकू म्हणतात, आणि लगेच गिऱ्हाईकाकडे वळतात.

[क्लोजअप: दोन स्ट्रिप, पोह्याच्या डब्याशेजारी]

या दोन स्ट्रिप नीट बघा, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. एक पांढरी गोळी पॅरासिटामॉलची, 650 मिलीग्रॅम. दुसरी मेडिकलवाल्याने 'जरा स्ट्राँग' म्हणून दिलेली. काकूंनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की दोन वेगवेगळ्या गोळ्या आलटून पालटून घेतल्या की चालतं, म्हणून सहाला स्ट्राँगवाली, दहाला पांढरी, एकला स्ट्राँगवाली, चारला पांढरी, रात्री आठला परत स्ट्राँगवाली.

आता स्ट्राँगवालीची मागची बाजू. बारीक अक्षरात लिहिलंय, आयब्युप्रोफेन 400 मिलीग्रॅम, आणि त्याखाली पॅरासिटामॉल 325 मिलीग्रॅम.

म्हणजे काकू आलटून पालटून घेतच नव्हत्या! पॅरासिटामॉल दोन्हीत आहे. दिवसाची बेरीज करा, स्ट्राँगच्या तीन गोळ्यांतून 975, पांढऱ्या दोनमधून 1300, एकूण 2275 मिलीग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4000 धरतात, त्यामुळे आकडा अजून आत आहे, पण दोन डोसमध्ये निदान चार तासांचं अंतर लागतं आणि इथे दहा, एक, चार असं तीन-तीन तासांनी पॅरासिटामॉल पोटात जातंय. डोकं जास्त दुखलं की अशा माणसाकडून आणखी दोन गोळ्या सहज घेतल्या जातात, आणि जास्तीच्या पॅरासिटामॉलचा मार लिव्हरवर बसतो. आयब्युप्रोफेन मात्र 1200 झालं, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घ्यायची मर्यादा तीच.

[दुपार, रस्त्यावर ऊन, गाडीवरची ताडपत्री]

मग पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र घेणं चूक आहे का? नाही. दोन्हींचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं, तब्येत ठीक असलेल्या माणसाने गरज पडली तर दोन्ही एकाच वेळी घेतल्या तरी चालतं, फक्त प्रत्येकीचं घड्याळ वेगळं ठेवायचं, पॅरासिटामॉल चार ते सहा तासांनी आणि आयब्युप्रोफेन सहा ते आठ तासांनी, जेवणानंतर. जास्त गुण येतो का, तर अक्कलदाढ काढल्यावरच्या दुखण्यात दोन्ही मिळून एकटीपेक्षा चांगलं काम करतात हे अभ्यासांत दिसलंय. साध्या डोकेदुखीसाठी तेवढा भक्कम पुरावा नाही, आणि आलटून पालटून घेतल्याने जास्त फायदा होतो असंही दिसलेलं नाही. बहुतेक वेळा एकच गोळी पुरेशा डोसमध्ये, ग्लासभर पाण्यासोबत घेतली आणि तासभर थांबलं तर भागतं. लोक वीस मिनिटं थांबतात आणि दुसरी फोडतात, पहिलीचा असर तर अजून यायचाच असतो.

[क्लोजअप: रिकामी पाण्याची बाटली. शेजारी तिसरी स्ट्रिप]

ही तिसरी स्ट्रिप शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी दिसली. बीपीची गोळी, टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारं औषध. काकू सकाळपासून दुपारपर्यंत पाणी फार पीत नाहीत, कारण बाजारात बायकांनी लघवीला जायचं कुठे? अंगातलं पाणी कमी झालं की शरीर किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह कसाबसा टिकवून धरतं, आयब्युप्रोफेन नेमकी तीच सोय बंद करतं, आणि बीपीच्या त्या दोन औषधांमुळे किडनीतला रक्ताचा दाब आणखी कमी होतो. ही तीन औषधं एकत्र आणि वर नागपूरचं ऊन, म्हणजे आयब्युप्रोफेनच्या 'मर्यादेतल्या' तीन गोळ्यासुद्धा जास्तच.

काकूंच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा, वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी आयब्युप्रोफेन बंद केलं, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन खाली आलं.

होळीपासूनची डोकेदुखी रोजच्या गोळ्यांमुळेच टिकून होती का, हेही डॉक्टर बघतायत. महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर गोळ्या चालल्या की तसं होऊ शकतं.

डोकं एकदम विजेसारखं दुखलं, ताप येऊन मान आखडली, हात-पाय लुळे पडले, तर गोळी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि डेंगूच्या दिवसांत तापासोबत डोकं दुखलं तर आयब्युप्रोफेन नकोच.

[संध्याकाळ. गाडी आवरताना]

काकूंच्या पोरीने स्ट्राँगवाली स्ट्रिप परत केलीय, आणि पांढरीच्या डब्यावर स्केचपेनने वेळ लिहून ठेवते. गाडीखाली आता पाच लिटरची पाण्याची कॅन असते, आणि शेजारच्या दुकानदाराने काकूंना आपलं बाथरूम वापरायला दिलंय.