मुलीची वेळ आणि आजीची वेळ

(पुण्यातल्या नृत्यवर्गांच्या संचालकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

वार्षिक कार्यक्रमाचं निमंत्रण आता आपण छापत नाही. सरकवत बघायची पाच-सहा चित्रं करतो, इन्स्टाग्रामवर टाकतो आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवतो. पहिलं चित्र सगळ्यांचंच सुंदर असतं, त्यावर मी बोलणार नाही. मला बोलायचंय ते वेळेच्या चित्रावर. गोंधळ तिथेच होतो, कारण एका घरात दोन वेळा हव्या असतात: नाचणाऱ्या मुलीची आणि बघायला येणाऱ्या आजीची.

बालगंधर्वला संध्याकाळी ५.३० चा कार्यक्रम आहे असं धरू. कथकचा वर्ग आहे आणि सगळ्यात लहान गटात चौदा मुली आहेत. त्यांचा क्रम दुसरा. आधी दीपप्रज्वलनाची पाच मिनिटं, मग सहा मिनिटांची वंदना, मग रंगमंच मोकळा होईपर्यंत दोन मिनिटं. म्हणजे मुली पावणेसहाच्या आसपास रंगमंचावर जाणार. आता उलटं मोजा. विंगेत दहा मिनिटं आधी उभ्या करायच्या, म्हणजे ५.३५. घुंगरू बांधायला दोन ताया असल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला सात मुली येतात. एका मुलीला तीन मिनिटं लागतात, वर एखादीचे सुटतात, म्हणून पंचवीस मिनिटं धरा. झाले ५.१०. त्याआधी हजेरी, ओढणीच्या पिना आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाथरूम, कारण एकदा घुंगरू चढले की ते काम कुणालाच नको असतं. त्याला आणखी पंचवीस. म्हणून लहान गटाची हजर राहण्याची वेळ ४.४५, आणि तीही वेणी आणि मेकअप घरून करून.

आता हीच ४.४५ सगळ्यांच्या निमंत्रणावर आली, तर आजी-आजोबा बंद दारापुढे अर्धा तास उभे राहतील. नुसतं ५.३० लिहिलंत, तर बाबा जंगली महाराज रस्त्यावर पार्किंग शोधताहेत आणि मुलगी गाडीत मागे बसून रडतेय. म्हणून दोन वेगळी चित्रं करा, पार्श्वभूमीचा रंगही वेगळा ठेवा. एकावर ‘कलाकारांसाठी’: गट, हजर राहायची वेळ, कुठल्या दाराने यायचं, सोबत काय आणायचं. दुसऱ्यावर ‘प्रेक्षकांसाठी’: दार ५.१५ ला उघडेल, कार्यक्रम ५.३० ला. छत्रपती संभाजी उद्यान हे मेट्रो स्थानक जवळ आहे, तेही तिथेच लिहा. निम्म्या गाड्या कमी होतील असं मी म्हणत नाही, पण काही तरी होतील.

पुढचा प्रश्न कार्यक्रमाच्या क्रमाचा. पहिल्या भागात पाच नृत्यं आहेत, सहा, सात, बारा, नऊ आणि चौदा मिनिटांची. बेरीज ४८. बरेचजण इथेच थांबतात आणि मध्यंतर ६.२० ला लिहून मोकळे होतात. प्रत्येक नृत्यानंतर दोन मिनिटं निवेदनाची आणि प्रकाशयोजना बदलायची, ती दहा झाली. दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचा सत्कार मिळून पंधरा. खरं मध्यंतर पावणेसातच्या सुमाराला. आणि सत्कार पंधरा मिनिटांत आटोपेल हे आपल्या शहरात जरा धाडसाचंच गृहीतक आहे.

म्हणून प्रत्येक नृत्यापुढे मिनिटांनिशी वेळ लिहू नका. क्रमांक, नृत्याचं नाव आणि गट लिहा, आणि वेळ फक्त भागांची: ‘पहिला भाग ५.३० पासून, दुसरा भाग साधारण ७ पासून’. अचूक वेळ दिली की माणसं आपल्या मुलीपुरती येतात आणि तिचं झालं की रांगेतून वाकत निघून जातात. पालक शेवटपर्यंत थांबावेत म्हणून लहानांना शेवटी ठेवणारेही आहेत. मला ते पटत नाही. सात वाजेपर्यंत काजळ गालावर आलेलं असतं.

कलाकारांच्या चित्रावर मुलींची पहिली नावंच पुरेत, नावापुढे नृत्याचा क्रमांक. फोटो, पूर्ण नाव, ठिकाण आणि वेळ हे सगळं एकत्र सार्वजनिक खात्यावर नको. फोटो टाकायचाच असेल, तर पालकांना आधी विचारा.

थोडं तांत्रिक. इन्स्टाग्रामवर पहिल्या चित्राचं प्रमाण पुढच्या सगळ्यांना लागू होतं, म्हणून सगळी १०८० बाय १३५० मध्येच करा, नाहीतर कडेचा मजकूर कापला जातो. ओळींमधलं अंतर फार कमी केलंत, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. चित्रावरचा नकाशाचा दुवा दाबता येत नाही. तो व्हॉट्सॲपवर वेगळ्या संदेशात द्या. आणि व्हॉट्सॲपवर हा संच एकत्र राहत नाही. मावशीला एकच चित्र पुढे जातं, तेही बहुधा तिच्या भाचीचं नाव असलेलं. त्यामुळे प्रत्येक चित्राच्या तळाशी तारीख, वार, ५.३० आणि नाट्यगृहाचं नाव ही एक पट्टी हवीच. कलाकारांच्या चित्रावर मात्र त्या ५.३० पुढे ‘प्रारंभ’ लिहा, म्हणजे हजर राहायची वेळ तीच समजली जाणार नाही.

क्रम बदलला, तर सगळा संच पुन्हा पाठवू नका, जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळत नाही. बदललेलं एकच चित्र पाठवा, वर ठळक ‘सुधारित’ आणि त्या दिवसाची तारीख घाला, आणि ग्रुपवरचं जुनं चित्र शक्य असेल तर काढून टाका.