गरम मोटर, दोन ब्रॅकेट

[दृश्य: वर्कबेंचवर दोन काळे ब्रॅकेट. शेजारी पट्ट्यावर चालणारी नेमा 17 मोटर.]

थ्रीडी प्रिंटरवर छापलेले हे दोन ब्रॅकेट मापाने अगदी सारखे आहेत. लांबी 120 मिलिमीटर, जाडी 5 मिलिमीटर, एल आकार. मोटरच्या चार स्क्रूंची भोकं एकमेकांपासून 31 मिलिमीटरवर. एक पॉलिकार्बोनेटचा आहे, दुसरा कार्बन फायबर मिसळलेल्या नायलॉनचा.

काम दिसायला साधं आहे: मोटर धरून ठेवायची. पण मोटर तासन्‌तास चालली की तिचं अंग 70 अंशांच्या आसपास तापतं, आणि पट्टा तिला सतत एका बाजूला ओढत असतो. छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, 60 अंशांजवळ मऊ पडतं, त्यामुळे ते इथे बादच. दुसरं नेहमीचं प्लास्टिक पीईटीजी, त्याची मर्यादा 80 अंशांच्या आसपास. त्याचा ब्रॅकेट पहिल्या दिवशी ठणठणीत दिसतो, पण आठवड्याभरात पट्टा सैल झालेला आढळतो, कारण प्लास्टिक हळूहळू वाकलेलं असतं. पॉलिकार्बोनेट मऊ पडायला 147 अंश लागतात. म्हणून ते हवं. पण जे प्लास्टिक उष्णतेला दाद देत नाही, ते छापतानाही सहजासहजी दाद देत नाही.

[दृश्य: हॉटएंड उघडलेला. नोझलपर्यंत पोचलेली पांढरी टेफ्लॉनची नळी.]

सुरुवात हॉटएंडपासून, म्हणजे प्लास्टिक वितळवून नोझलमधून सोडणाऱ्या भागापासून करू. ही पांढरी नळी टेफ्लॉनची आहे. बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत ती थेट नोझलला टेकलेली असते. 240 अंशांपर्यंत ती निमूट काम करते. त्याच्या वर तिचं टोक आकसायला लागतं, करपतं, आणि 260 ओलांडल्यावर तिच्यातून निघणारा धूर माणसांना त्रासदायक आणि पाळीव पक्ष्यांना जीवघेणा ठरू शकतो. पॉलिकार्बोनेटला मात्र 270 ते 300 अंश लागतात. कार्बन फायबरच्या नायलॉनला, म्हणजे पीए 6 ला, 260 ते 300. याचा अर्थ असा की पूर्ण धातूचा हॉटएंड नसेल, तर या दोन्हींच्या वाटेला जाऊच नये.

बरं, धातूचा हॉटएंड बसवला, तरी स्क्रीनवर 280 टाकायला गेलं की आकडा 260 वर अडतो. अनेकांना वाटतं हॉटएंडच खराब निघाला. खरं कारण फर्मवेअरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये असतं.

[पडद्यावर: मार्लिन या फर्मवेअरच्या सेटिंगमधल्या दोन ओळी.]

```
#define HEATER_0_MAXTEMP 275
#define HOTEND_OVERSHOOT 15
```

275 ला प्रिंटर स्वतःहून बंद पडतो. त्याच्या 15 अंश आधीची मर्यादा वापरणाऱ्याला मिळते, म्हणून 260. हा आकडा वाढवता येतो, पण त्याआधी तापमान मोजणारा थर्मिस्टर कोणता आहे ते बघायलाच हवं. मण्यासारखा साधा थर्मिस्टर 285 ते 300 अंशांच्या पुढे भरवशाचा राहत नाही. त्याहून वर जायचं असेल तर पीटी 1000 सारखा सेन्सर लावावा. सेन्सर तोच ठेवून फक्त आकडा वाढवणं म्हणजे संरक्षण काढून टाकणं, आणि गरम हीटर ही आग लागण्याची जागा आहे, हे विसरून चालत नाही.

[दृश्य: भिंगाखाली पितळी नोझलचं झिजलेलं तोंड. शेजारी पोलादी नोझल.]

नायलॉनच्या बाबतीत आणखी एक अडचण. त्यातले कार्बनचे बारीक तुकडे पितळ घासून काढतात. एका किलोचं रीळ संपायच्या आतच नोझलचं गोल भोक मोठं आणि वेडंवाकडं होतं. रेषांची रुंदी बदलते, भिंती बारीक राहतात, भोकं लहानमोठी येतात. म्हणून कडक पोलादाचं नोझल लावायचं, आणि शक्यतो 0.6 मिलिमीटरचं, कारण 0.4 च्या भोकात तंतूंचा गुंता अडकतो. पोलाद पितळेइतकी उष्णता वाहून नेत नाही, तेव्हा तापमान पाच-दहा अंश वर ठेवावं लागतं.

[दृश्य: बंद पेटीत प्रिंटर. आतल्या तापमापकावर 62.]

आता पेटी. मजबूत भाग छापताना खरा निकाल इथेच लागतो, असं माझं मत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पॉलिकार्बोनेट थंड होताना आकसतं. दर अंशाला, दर मिलिमीटरला, साधारण एक मिलिमीटरच्या 67 दशलक्षांश भागाइतकं. आकडा नगण्य वाटतो. आपल्या 120 मिलिमीटर ब्रॅकेटवर हिशेब करू. थर 147 अंशांवर घट्ट होतो. खोली 30 अंशांची असेल, तर 117 अंशांची उतरण झाली. 120 मिलिमीटरवर ते साधारण 0.94 मिलिमीटर होतं. वरचा थर जवळजवळ एक मिलिमीटर आत यायला बघतो, खालचा आधीच गार झालेला थर त्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत एक तर कोपरे बेडवरून उचलले जातात, नाहीतर मधेच थर सुटतात. पेटीतली हवा 70 अंशांची केली, तर छपाईच्या वेळची उतरण 77 अंशांवर येते आणि आकसणं 0.62 मिलिमीटरवर. उरलेलं आकसणं छपाई संपल्यावर होतं, पण तोवर ब्रॅकेट पूर्ण झालेला असतो आणि तो सगळीकडून सारखा आकसतो. शिवाय गरम हवेत खालचा थर उबदार राहतो, त्यामुळे नवा थर त्याला घट्ट चिकटतो. ब्रॅकेट थरांच्या सांध्यात तुटेल की टिकेल, ते याच चिकटण्यावर ठरतं.

मग 70 अंश आणायचे कसे? बेड 110 अंशांवर ठेवून, पेटी बंद करून अर्धा-पाऊण तास वाट पाहिली, तर चांगल्या बंद पेटीत हवा 50 ते 60 अंशांपर्यंत पोचते. छोट्या ब्रॅकेटला तेवढं चालतं. मोठा भाग असेल तर वेगळा हीटर लागतो, आणि तिथे प्रिंटरच हात टेकतो. त्याचे स्वतःचे प्लास्टिकचे भाग पीईटीजीचे असतील, तर तेच वाकायला लागतात. मोटर, पंखे, मदरबोर्ड यांनाही ही हवा मानवत नाही. म्हणून पॉवर सप्लाय आणि बोर्ड पेटीच्या बाहेर काढायचे, हे पहिलं काम. स्ट्रॅटासिस कंपनीच्या औद्योगिक यंत्रांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता: कक्ष गरम, आणि मोटर वगैरे हलणारे भाग उष्णतारोधक पडद्याच्या पलीकडे. त्या रचनेच्या पेटंटची मुदत 2021 मध्ये संपली.

एक कळकळीची विनंती. पेटी थर्मोकोलची करू नका. ती स्वस्त पडते, ऊबही धरते, आणि पेट घेते.

[दृश्य: छपाई संपली आहे. पेटीचं दार बंदच.]

छपाई संपली तरी दार लगेच उघडायचं नाही. बेड बंद करून सगळं आपोआप गार होऊ द्यायचं. घाईने दार उघडलं, की कधीकधी टक्‌ असा आवाज येतो. तो थर सुटल्याचा.

[दृश्य: पीईआयचा पत्रा. मधोमध खपली निघालेली जागा.]

बेडवर चिकटण्याच्या बाबतीत हे दोघे अगदी उलट वागतात. पॉलिकार्बोनेट बेडच्या पत्र्यावरच्या गुळगुळीत पीईआय प्लास्टिकला इतकं घट्ट धरतं, की भाग काढताना पीईआयचा थरच उखडून येतो. हा पत्रा तसाच गेला आहे. म्हणून इथे ग्लू स्टिक चिकटवायला नाही, सुटावं म्हणून लावायची. पातळ, एकसारखा थर. बेड 110 अंशांवर, पंखा बंद किंवा अगदी मंद, आणि पूर्ण गार झाल्यावरच हात लावायचा.

नायलॉन मात्र त्याच पीईआयवर धड बसत नाही. तिथे तीच ग्लू स्टिक खरोखर चिकटवण्यासाठी लागते, बेड 80 ते 100 अंशांवर. दुसरा चांगला पर्याय म्हणजे कापडाचे थर असलेली फिनॉलिक शीट. आपल्याकडे इलेक्ट्रिक पॅनल बनवणारे तिला हायलम म्हणतात. तिचा चकचकीत पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासून घेतला, की नायलॉन तिला पकडून बसतं. कार्बनचे तंतू आकसणं बरंच रोखतात, त्यामुळे या नायलॉनला पॉलिकार्बोनेटइतकी गरम पेटी लागत नाही. त्याची अडचण वेगळी आहे.

[दृश्य: नोझलमधून निघणारी तार. तिच्यात बुडबुडे, बारीक तडतड ऐकू येते.]

हा आवाज पाण्याचा आहे. पीए 6 हवेतली ओल ओढून घेतं. मध्यम दमट हवेत ते आपल्या वजनाच्या तीनेक टक्के पाणी पितं. किलोभर फिलामेंटमध्ये जवळजवळ 30 ग्रॅम. जुलैतल्या मुंबईत किंवा रत्नागिरीत रीळ रात्रभर उघडं राहिलं, तर सकाळी ही तडतड ऐकू येते. नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते, तार फेसाळते, पृष्ठभाग खरखरीत येतो आणि थर कच्चे राहतात. उपाय एकच: 80 अंशांवर आठ ते बारा तास वाळवायचं आणि वाळवणीच्या डब्यातूनच थेट छापायचं. वाळलं की नाही हे घड्याळावर सोडू नका. रीळ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. वाळवताना थोड्या थोड्या वेळाने दोनदा वजन केल्यावर आकडा तोच राहिला, की रीळ वाळलं. पॉलिकार्बोनेट ओल कमी धरतं, पण त्यालाही असं वाळवावं लागतं.

आणि ही ओल छापून झाल्यावरही नायलॉनचा पिच्छा सोडत नाही. तंतू नसलेल्या कोरड्या पीए 6 चा ताठपणा सुमारे 3 गिगापास्कल असतो. हवेतली ओल पिऊन तो 1 च्या आसपास येतो. भाग चिवट होतो, पण लवचिकही होतो. तंतूंमुळे ही घसरण बरीच सावरली जाते, थांबत नाही. डेटाशीटवर कोरडा आणि ओला असे दोन आकडे असतील तर ओला वाचावा, कारण आपल्या हवेत भाग तसाच राहणार आहे. उष्णतेच्या आकड्याबाबतही सावध राहावं. कार्बन फायबरच्या पीए 6 च्या डेटाशीटवर 150 अंशांच्या वरचा आकडा दिसतो, पण ती थोड्या वेळाची चाचणी असते. तंतूंमधलं नायलॉन 50-60 अंशांपासूनच सैल व्हायला लागतं. दिवसरात्र ओढ असेल, तर स्क्रूखालचा भाग दबत जातो.

[दृश्य: ब्रॅकेट आडवा ठेवून छापला जातोय. एलचा कोपरा एकाच थरात.]

तंतू नोझलच्या मार्गाने आडवे पडतात, एका थरातून दुसऱ्यात जात नाहीत. त्यामुळे ब्रॅकेट उभा छापला तर कोपऱ्यावरचा सगळा ताण थरांच्या सांध्यावर येतो, आणि महागडे तंतू काहीच कामाला येत नाहीत. म्हणून तो कुशीवर आडवा छापायचा, पाच-सहा भिंती देऊन. घासकाम करायचं तर पाणी लावून, हातमोजे आणि मास्क घालून. हे तंतू बोटात शिरतात.

मग मोटरला कोणता लावायचा? आमची निवड पॉलिकार्बोनेट. 70 अंशांत तो नायलॉनपेक्षा ताण जास्त काळ धरतो. नायलॉनचा ब्रॅकेट मोटरपासून लांब, जिथे धक्के बसतात पण ऊब नाही, अशा जागी जास्त शोभतो. फक्त पॉलिकार्बोनेटच्या स्क्रूंवर थ्रेडलॉकर लावू नका. तो द्रव ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला तडे पाडतो, आणि ते दोन-चार दिवसांनी भोकाभोवती केसासारखे दिसू लागतात. त्याऐवजी नायलॉकचा नट आणि खाली रुंद वॉशर.

[दृश्य: व्हर्नियर भोकांच्या मधे. पाना स्क्रूवर.]

आठवडाभर मोटर चालवल्यावर भोकांचं अंतर पुन्हा मोजा, आणि नट तपासा.