वहीतला कांदा

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक वही उघडी पडली आहे. पानावर तीन नोंदी दिसतात. "सोमवार : दूध पाव कप, त्रास नाही. मंगळवार : अर्धा कप, त्रास नाही. बुधवार : एक कप. दोन तासांत गुडगुड, संध्याकाळी पोट तट्ट."

वहीच्या मालकिणीला आयबीएस आहे, म्हणजे पोट वारंवार दुखण्या-फुगण्याचा आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा विकार. गेले चार आठवडे तिनं कांदा, लसूण, गहू, दूध आणि बहुतेक कडधान्यं बंद ठेवली होती. या पदार्थांत फॉडमॅप नावाची कर्बोदकं असतात. लहान आतड्यात ती नीट शोषली जात नाहीत, उलट पाणी ओढून घेतात. मोठ्या आतड्यात पोचली की जिवाणू ती आंबवतात आणि गॅस धरतो. हे कुणाच्याही पोटात घडतं. आयबीएसमध्ये आतडं हळवं असतं, त्यामुळे तेवढाच गॅस जास्त सलतो.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेल्या या आहारात बंदीचा टप्पा फक्त 2 ते 6 आठवड्यांचा. तेवढ्यात फरक पडला नाही, तर बंदी उठवायची आणि कारण दुसरीकडे शोधायचं. (गहू सोडण्याआधी सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, तपासणी करून घ्यावी. गहू थांबल्यावर ती चुकीची निघू शकते.)

हिला फरक पडला. पोट हलकं वाटू लागलं आणि इथेच बरेच जण अडकतात : बरं वाटतंय ना, मग कशाला काही बदला? पण जी कर्बोदकं आपल्याला त्रास देतात, त्यांतल्या काहींवर बिफिडोबॅक्टेरियासारखे उपयोगी जिवाणू जगतात. बंदीच्या काही आठवड्यांतच त्यांची संख्या घटते. शिवाय ताटातला तंतूही कमी होतो, दूध गेलं तर कॅल्शियमही.

म्हणून दुसरा टप्पा, चाचणीचा. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, प्रमाण वाढवत. बाकी जेवण बंदीतलंच. मग दोन-तीन दिवस थांबायचं, पोट शांत झालं की पुढचा पदार्थ. दुधाचा निकाल वहीतच आहे : तिला अर्धा कप चालतो, एक कप नाही. म्हणजे दूध सोडायचं कारणच नाही.

लसणाच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती बाहेर जेवली. रात्री पोट फुगलं. लसणानं की आणखी कशानं? कळायला मार्ग नव्हता. ती चाचणी तिनं खोडली आणि आठवड्यानं पुन्हा केली.

गव्हाचा पाव दोन तुकड्यांपर्यंत निभावला. कांदा मात्र चमचाभरही नाही. दोन्हीत फ्रुक्टान नावाचं एकच फॉडमॅप असतं, तरी एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. फोडणीच्या तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर तिला वास मिळतो आणि त्रास होत नाही, कारण लसणातलं फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही.

तिसऱ्या टप्प्यात चाललेलं सगळं ताटात परतलं. पोटाची सहनशक्ती काळानुसार बदलते, म्हणून वहीत कांद्यावर फुली नाही. पुढे लिहिलंय : "तीन महिन्यांनी, अर्धा चमचा."