हिरव्या बटणाच्या शेजारी

[दृश्य : रात्र. बांधावरून हलत जाणारा बॅटरीचा उजेड. पंपघराचं दार उघडतं.]

संगमनेर तालुक्यातलं हे शिवार. इथं मोटरीसाठी तीन फेजची लाईट वेळापत्रकानं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की विहिरीवर जायचं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. लाईट मध्येच गेली तर मोटर बंद पडते, आणि ती परत आली की बटण दाबायला पुन्हा कुणीतरी जायचं.

[दृश्य : उघडा स्टार्टर. बाजूला करड्या प्लास्टिकची पेटी.]

या पेटीला घरातून फोन लावला की मोटर चालू होते. असली पेटी बाजारात तयार मिळते, तेव्हा हा काही शोध नाही. पण ही ज्यानं बनवली तो मुलगा बारावीनंतर कॉलेजात गेलेला नाही. इलेक्ट्रॉनिक्स तो घरी बसून शिकला. नोकरीच्या अर्जाला मार्कशीट जोडतात तिथं त्यानं गिटहबवरच्या आपल्या कामांची, या पेटीची लिंक जोडली.

[दृश्य : पत्र्याची खोली. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, वायरींचा गुंता.]

पेटीतलं काम ऐकायला सोपं आहे. हिरवं बटण दाबलं की दोन तारा जुळतात, लाल दाबलं की जुळलेल्या सुटतात. म्हणून एक रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, हिरव्या बटणाला समांतर जोडायचा आणि दुसरा लाल बटणाच्या रांगेत. रिलेला हुकूम देतो छोटा कंट्रोलर, आणि फोन घेतो SIM800L नावाचं मॉड्यूल. ते 2जी वर चालतं, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही. घरात बाकी सगळ्यांची सिम जिओची. पेटीसाठी दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागलं.

जोडणी झाली. मॉड्यूलचा दिवा लुकलुकायला लागला. आणि फोन लावला की मॉड्यूल बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

[दृश्य : मॉड्यूलचा दिवा. फोनची रिंग. दिवा विझतो, पुन्हा लागतो. तीन वेळा तेच.]

हे चित्रण त्याच्याच मोबाईलवरचं आहे. बंद पडणारी वस्तू कोण कशाला चित्रित करून ठेवेल? यानं ठेवली, आणि पुढं तीच कामाला आली.

पहिला संशय कोडवर. कोड तपासला, त्यात काही सापडलं नाही. मग मल्टिमीटर लावला, तर व्होल्टेज बरोबर 4. या मॉड्यूलला 3.4 ते 4.4 लागतं. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक.

[दृश्य : दुरुस्तीचं दुकान. जुन्या ऑसिलोस्कोपचा हिरवा पडदा. सरळ रेषेत ठरावीक अंतरानं पडणारे खड्डे.]

चूक दिसली ती तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात, ऑसिलोस्कोपच्या या पडद्यावर. व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते हे यंत्र रेषेत दाखवतं. 2जी चं मॉड्यूल सलग बोलत नाही. दर 4.6 मिलिसेकंदांनी ते एकदा जोरात बोलतं, तेही जेमतेम 577 मायक्रोसेकंद. तेवढ्या क्षणाला त्याला 2 अँपिअरपर्यंत करंट लागतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्याला हा खड्डा दिसतच नाही.

आता हिशेब. सुटे भाग नुसते खोचून जोडायचा ब्रेडबोर्ड आणि बारीक जंपर वायरी मिळून साधारण 0.35 ओहम रोध. त्यातून 2 अँपिअर गेले की 0.7 व्होल्ट वाटेतच संपले. चारातून ते वजा केले की उरले 3.3. मॉड्यूलला किमान 3.4 हवेत.

[दृश्य : वहीचं पान, निळ्या शाईत हाच हिशेब.]

अशा वेळी मॉड्यूलच्या तोंडाशी थोडी वीज साठवून ठेवणारा 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, असं कुणीही सांगतं. त्यानंही लावला. पण वहीत पुढची ओळ आहे, ती बघा. 2 अँपिअर 577 मायक्रोसेकंद एकट्या कपॅसिटरनं पुरवायचे म्हटले, तर त्याचं स्वतःचं व्होल्टेज 1.15 नं उतरेल. म्हणजे नुसत्या कपॅसिटरवर विसंबून चालणार नाही. वाट आधी रुंद करायला हवी. त्यानं वायरी आखूड आणि जाड केल्या, आणि कपॅसिटर ठेवला तो वरून आधार म्हणून.

[दृश्य : पडद्यावर तीच रेषा. खड्डे आता उथळ.]

[दृश्य : संगणकाचा पडदा, KiCad मध्ये बोर्डाचं चित्र. मग हातात दोन बोर्ड, v1 आणि v2.]

मग ब्रेडबोर्ड सोडून छापील बोर्ड आला. बोर्डाचं चित्र काढायचं KiCad हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि बोर्ड बाहेरून छापून येतो. v1 मध्ये रिलेची 415 व्होल्टची रेघ कंट्रोलरच्या रेघेपासून दोनच मिलिमीटरवर होती. टेबलावर चालून गेलं असतं. पंपघरात दमट हवा, धूळ, मुंग्या. तिथं ठिणगी उडायला वेळ लागत नाही. v2 मध्ये हे अंतर आठ मिलिमीटर केलं आणि मधोमध खाच कापली. हा v1 कधी शेतावर गेलाच नाही, पण त्याचा फोटो आणि बाद करण्याचं कारण दोन्ही लिंकवर आहे.

एक बारीक गोष्ट मला स्वतःला फार आवडली. लाईट आल्या आल्या पेटी मोटर चालू करत नाही, थोडी थांबते, आणि किती थांबायचं ते प्रत्येक पेटीत वेगळं ठेवता येतं. एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीवर ताण येतो. हे पुस्तकात वाचून सुचत नाही. ज्याच्या गावची डीपी जळालेली असते त्याला सुचतं.

[दृश्य : मोबाईलवर लिंक उघडते. बोट खाली सरकतं.]

लिंकवर तीनच कामं आहेत. दोन लहान : बॅटरीची क्षमता मोजणारा टेस्टर आणि एलईडी बल्बच्या दुरुस्तीची नोंद. तिसरी ही पेटी. आधी इथं बरीच कामं होती, त्यातली बहुतेक व्हिडिओ बघून जशीच्या तशी जोडलेली. तापमान दाखवणारं यंत्र, टाळी वाजवली की लागणारा दिवा. ती त्यानं काढून टाकली, कारण त्यांच्यावर प्रश्न विचारला तर उत्तर व्हिडिओवाल्याकडे होतं.

पेटीच्या पानावर `README.md` मध्ये आधी मोटर चालू होतानाचा छोटा व्हिडिओ, मग सर्किटचं चित्र, सुट्या भागांची किमतीसह यादी, कोड, आणि शेवटी ‘काय बिघडलं’ हा भाग. तोच सगळ्यात लांब आहे. बदलांच्या तारखा गिटहबवर आपोआप राहतात, त्यामुळे काम एका रात्रीत कुठून उचललेलं नाही हे बघणाऱ्याला कळतं.

[दृश्य : कंपनीचं फाटक, बाहेरून. शिफ्ट सुटते.]

मुलाखतीचं चित्रीकरण करू दिलं नाही. त्यानं सांगितलं ते असं. पहिला अर्धा तास शिक्षणावर गेला. मग समोरच्या इंजिनिअरनं लिंक उघडली आणि विचारलं, “कपॅसिटर हजारचाच का? 470 चा का नाही?” यानं वहीतला हिशेब कागदावर मांडला. पुढचे प्रश्न सगळे खड्ड्यावरच होते.

भोसरीत चाचणी विभागात तो लागला, डिप्लोमावाल्यापेक्षा कमी पगारावर.

[दृश्य : पंपघर, दिवस. वायरमन स्टार्टरची जोडणी करतोय, मुलगा शेजारी उभा.]

स्टार्टरला पेटी जोडताना हात या वायरमनचे आहेत, मुलाचे नाहीत. याच्याकडे तारतंत्री परवाना आहे. तो सरकारी परवाना लिंक दाखवून मिळत नाही, आणि 415 व्होल्टच्या बाबतीत ते बरोबरच आहे. मुलगा आता त्याच्या परीक्षेची चौकशी करतोय. तोवर v3 चं काम सुरू आहे : त्यात 4जी मॉड्यूल असेल, म्हणजे घरातलंच सिम चालेल. नवं मॉड्यूल किती करंट ओढतं, हे मोजायला तो पुन्हा त्याच दुकानात जाणार आहे.