अंगठ्याएवढी जागा

[दृश्य: जळगाव, मेहरूण तलावाचा काठ. पहाट. धावणाऱ्यांची पावलं जवळून.]

निवेदन:
पहाटे मेहरूणला धावणाऱ्यांमध्ये काळं पडलेलं नख ही काही नवलाची गोष्ट नाही. बुटाच्या पुढच्या टोकावर बोट आपटत राहतं, नखाखाली रक्त साकळतं आणि काही आठवड्यांनी ते नख गळून पडतं. बूट चांगला असतो, महागही असतो. माप तेवढं चुकलेलं असतं.

[दृश्य: बुटांचं दुकान. गिऱ्हाईक बसून बूट घालतंय.]

दुकानात ऐकू येणारं नेहमीचं वाक्य म्हणजे, "घट्टच दे भो, नंतर सैल होतो." चामड्याच्या चपलेला हे लागू पडतं. धावण्याच्या बुटाचं वरचं कापड थोडंफार सैलावतं, पण लांबी काही वाढत नाही. वाढतो तो पाय.

धावताना पायांकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि त्यातलं थोडं पाणी आसपासच्या पेशींमधल्या जागेत झिरपतं. उन्हामुळे रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि सकाळी आठलाच डांबर तापायला लागतं, त्यामुळे हा त्रास पुण्या-नाशिकपेक्षा इथे जास्त जाणवला तर नवल नाही. त्यात अंगाच्या भाराने तळव्याची कमान थोडी दबते आणि पाऊल लांबी-रुंदीला पसरतं. पाच किलोमीटरला हे लक्षातही येत नाही. पंधराच्या पुढे बोटांना जागा लागतेच.

[दृश्य: बुटातून काढलेला इनसोल जमिनीवर. त्यावर उभं पाऊल.]

म्हणून पायाच्या सर्वात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडतात. आता अंगठे काही सगळ्यांचे सारखे नसतात. सेंटिमीटर ते सव्वा सेंटिमीटर धरा, म्हणजे घोळ नाही.

मोजायचं संध्याकाळी, दिवसभर चालून-उभं राहून पाय थोडे फुगलेले असताना. धावताना घालतो तेच मोजे हवेत. आणि उभं राहूनच मोजायचं, कारण बसल्यावर पाय आखडता असतो. बुटावरून चाचपण्यापेक्षा इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहणं बरं. टाच मागच्या कडेला नीट टेकवा आणि पुढे किती पट्टी उरते ते डोळ्यांनी बघा.

हा एक धावपटू बघा. आजवर आठ नंबर घालत आलाय. डावा पाय २६.१ सेंटिमीटर, उजवा २६.५. शिवाय अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब, म्हणजे माप त्या बोटापासून. आठ नंबरचा इनसोल २७.१ भरला. उजव्या पायापुढे उरले फक्त ६ मिलिमीटर. पंधरा किलोमीटरनंतर उजव्याच पायाचं नख का दुखतं, ते इथे कळतं.

[दृश्य: साडेआठ आणि नऊ, दोन बूट शेजारी.]

यूके मापात अर्धा नंबर म्हणजे साधारण ४ मिलिमीटर. साडेआठ घेतला तर जागा १० मिलिमीटर होते, नऊ घेतला तर १४. दोन्ही घालून दुकानातल्या जिन्यावरून वर-खाली केलं. नऊमध्ये चढताना टाच बाहेर यायला लागली. शिवाय बूट जिथे वाकतो ती जागा पायाच्या चवड्याच्या पुढे गेली. असा बूट पकडून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि टाचेला फोड येतात. साडेआठ बरोबर बसला. टाच किंचित हलत होती, ती लेस सगळ्यात वरच्या जादा भोकातून ओवून घट्ट केल्यावर थांबली.

एक गफलत मात्र फार लोक करतात. करंगळी कडेला दाबली जात असेल तर मोठा नंबर घेऊन उपयोग नाही. इनसोलवर उभं राहिल्यावर करंगळी कडेबाहेर डोकावते का, बघा. डोकावत असेल तर तोच नंबर रुंद मापात मागवायचा. लांबी वाढवून रुंदी मिळवायला गेलं की मागे टाच सुटते आणि करंगळी तरी दाबलेलीच राहते.

[दृश्य: लळिंग घाटाचा उतार.]

धुळ्याकडचे लळिंग घाटात सराव करणारे असतील, त्यांनी उताराचा विचार आधी करावा. उतरताना पाय पुढे घसरतो आणि मोकळी ठेवलेली जागा खाऊन टाकतो. तिथे जागेइतकीच लेस महत्त्वाची, कारण पाऊल वरून नीट धरलेलं असलं तरच बोटं टोकापर्यंत पोचत नाहीत.

धावून आल्यावरची सूज थोड्या वेळात उतरते. दुसऱ्या दिवशीही राहिली, किंवा एकाच पायावर दुखऱ्या पोटरीसह आली, तर तो बुटाचा विषय नाही, डॉक्टरांना दाखवा.

अर्धे नंबर आपल्याकडच्या दुकानांत हमखास मिळतीलच असं नाही. ऑनलाइन मागवलात तर संध्याकाळी घरातल्या स्वच्छ फरशीवरच घालून बघा, तळ मळू देऊ नका. कंपनी बदलली की त्याच नंबरचं मापही बदलतं, म्हणून मागच्या बुटाच्या आकड्यावर न जाता इनसोल पुन्हा काढून मोजा.