आधी वारा अडवा

[पहाट. हेडलाइटच्या उजेडात रिकामा रस्ता.]

संगमनेर मागे पडलंय. अकोल्याच्या रस्त्यावर पहाटेचे साडेपाच, पारा ८ अंशांवर. बाजूच्या उसाचं पातंही हलत नाहीये, तरी या बाईकस्वाराच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. हवा शांत आहे, पण तो ताशी ६० किलोमीटरने तिच्यात घुसतोय. म्हणजे त्याच्यापुरता हा ६० चा वारा.

[हँडलवरचे हात, जवळून.]

आपल्या अंगालगत उबदार हवेचा पातळ थर असतो. आपलंच अंग तो तापवतं. वारा तो उडवून नेतो, अंग पुन्हा तापवतं, वारा पुन्हा नेतो. विंड चिल म्हणतात ते हेच. त्याचं आजचं सूत्र अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये घेतलं. त्यानुसार ८ अंशांची हवा २० च्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला ५ अंशांसारखी लागते, ४० ला ३, ६० ला २. म्हणजे निम्मी ऊब पहिल्या वीसनेच नेली. थोडा वारा आत शिरला तरी पुरे!

[टपरी. चहाची वाफ. वर्तमानपत्राची घडी जर्किनच्या आत जाते.]

म्हणून दोन स्वेटर घालून उपयोग नाही. लोकरीच्या विणीत थांबलेली हवा ऊब धरते, आणि वारा नेमका तीच पळवतो. एकच स्वेटर, पण त्यावर विंडचीटर. तो नसेल तर रेनकोट चालेल. छातीवर पेपरची घडी ठेवा, हे आपले जुने दूधवाले करत आलेत आणि ते अगदी बरोबर आहे. हातमोजा बाहीच्या आत खोचा, मनगट उघडं राहता कामा नये. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा लागतो.

[बारी गाव. कळसूबाईची वाट. विंडचीटर सॅकमध्ये.]

चढायला लागलं की हिशेब उलटतो. वारा अडवणारं कापड घामही कोंडतं, आणि ओल्या अंगाची थंडी त्या सूत्रात धरलेलीच नाही. त्यामुळे चढताना अंगात एकच पातळ थर. सुरुवातीला थोडं गार वाटलं तर ते योग्यच आहे.

[लोखंडी शिड्या. फडफडणारी ओढणी.]

शेवटच्या शिडीवर नव्हे, त्याआधी, आडोशाला थांबा. सुती टीशर्ट घामाने चिंब असेल, तो बदला. कोरडा घाला, वर विंडचीटर, कानांवर टोपी. धारेवर वाऱ्यात उभं राहून हे करायला गेलात, तर अंगातली ऊब चेन लावेपर्यंतच निघून जाते.

[शिखर, १६४६ मीटर. देवळाची भिंत. माणसं भिंतीच्या वारा नसलेल्या बाजूला टेकून बसलेली.]

बघा, कुठे बसलेत सगळे.