एका /24 चे तुकडे: अंधेरीच्या ऑफिसचा हिशेब

पहिला प्रश्न मला नेहमी हाच येतो की सर, प्रायव्हेट अ‍ॅड्रेस तर फुकट आहेत, मग प्रत्येक सेगमेंटला अख्खा /24 का देत नाही? देता येत असेल तर जरूर द्या, काटकसर करून कुणी बक्षीस देणार नाहीये. पण आज उदाहरणाला जे ऑफिस मी घेतोय ते अंधेरी एमआयडीसीतलं आहे, हेड ऑफिस पुण्याला, दोघांमध्ये व्हीपीएन, आणि पुण्याच्या आयटीने अंधेरीला एकच रेंज दिलीये, 10.20.8.0/24. बाजूच्या रेंज दुसऱ्या ब्रँचना गेल्यात. म्हणजे २५६ अ‍ॅड्रेसमध्येच भागवायचंय.

आता मोजणी. माणसं ४८. लगेच /26 लिहू नका, त्यात ६४ पैकी ६२ वापरता येतात आणि वाटतं चला, झालं काम. पण माणसं मोजायचीच नसतात, लीज मोजायच्या असतात. लॅपटॉप डॉकवर केबलने लावलाय आणि वायफायपण चालू आहे, तर एकाच लॅपटॉपने डीएचसीपीकडून दोन लीज घेतल्या. झाले ९६, वर प्रिंटर. म्हणून स्टाफला /25, वापरण्याजोगे १२६. स्टाफचे स्वतःचे मोबाइल यात घेऊच नका, त्यांना पुण्याला जायचंच नसतं, फक्त इंटरनेट हवं असतं, त्यांना गेस्ट वायफायवर 192.168.50.0/24 सारखी वेगळी रेंज द्या आणि नॅट करून बाहेर सोडा, व्हीपीएनला त्याचा पत्ताही लागत नाही.

कॅमेरे २६, एक एनव्हीआर, एक गेटवे, म्हणजे २८. /27 मध्ये ३० बसतात, बसलं की! पण पार्किंगमध्ये आणखी तीन कॅमेरे लावायचं ठरलं की गाडी अडली. सर्व्हर, नॅस आणि व्हर्च्युअल मशीन धरून ९, तिथे /28 चे १४ पुरतात, पण व्हर्च्युअल मशीन कुणाला न विचारता वाढतात हो, म्हणून /27.

```
10.20.8.0/25     स्टाफ     1-126
10.20.8.128/26   कॅमेरे    129-190
10.20.8.192/27   सर्व्हर   193-222
10.20.8.224/27   रिकामा
```

शेवटचा तुकडा रिकामा का आणि तिथेच का, हे नीट बघा, कारण लोक रिकामी जागा ठेवतात पण भलतीकडे ठेवतात. /26 चा ब्लॉक ६४ च्या पटीवरच सुरू होतो: 0, 64, 128, 192. म्हणजे 192 आणि 224 ही जोडी आहे, उद्या सर्व्हर वाढले तर मास्क /26 करायचा, गेटवे .193 तोच राहतो, एकाही सर्व्हरचा अ‍ॅड्रेस बदलत नाही. समजा कॅमेऱ्यांना 128/27 दिला असता, सर्व्हर 160/27 ला ठेवले असते आणि 192 पासून पुढे सगळं मोकळं, तर? मोकळी जागा भरपूर पण कॅमेऱ्यांच्या कामाची नाही, त्यांच्या जोडीदाराच्या जागेवर सर्व्हर बसलेत. आणि सर्व्हर 160 वरून वाढून 192 मध्ये जाऊ शकत नाहीत, ती जोडीच नाही. सोसायटीत शेजारचा फ्लॅट घेतला तरच भिंत पाडता येते, तसंच हे.

स्विच मात्र व्हीलॅनवाला हवा, लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळाला म्हणून अनमॅनेज्ड उचलू नका. आणि सेगमेंट केले म्हणजे बंदोबस्त झाला असंही नाही, राउटर डीफॉल्टने सगळ्यांमध्ये ट्रॅफिक जाऊ देतो, फायरवॉलचे रूल वेगळे लिहावे लागतात.

आता घोटाळा कुठे होतो. शनिवारी रात्री कटओव्हर केला, लॅपटॉपना नवा मास्क डीएचसीपीने आपोआप मिळाला, पण कॅमेरे स्टॅटिक, त्यांचा गेटवे हाताने .129 केला, मास्क मात्र राहून गेला, कॅमेरावाल्याने कधीकाळी 255.255.255.0 टाकून ठेवलेलं. सोमवारी रेकॉर्डिंग व्यवस्थित चालू, कारण एनव्हीआर त्याच सेगमेंटमध्ये. पुण्याहून कॅमेऱ्याचं पेज उघडतं. फक्त रिसेप्शनच्या पीसीवरून, 10.20.8.40 वरून, उघडत नाही, आणि सगळे फायरवॉलवर तुटून पडतात. गंमत अशी की पीसीची रिक्वेस्ट गेटवेमार्गे कॅमेऱ्यापर्यंत पोचते, पण जुन्या मास्कमुळे कॅमेऱ्याला .40 आपल्याच वायरवर आहे असं वाटतं, तो गेटवेकडे न देता एआरपीने .40 ला हाका मारत बसतो आणि तिथे ऐकायला कुणीच नसतं. पुण्याचा अ‍ॅड्रेस 10.10 चा, तो उघड बाहेरचा, म्हणून तिकडचं उत्तर गेटवेकडे बरोबर जातं. लांबून चालतंय आणि जवळून नाही, असं दिसलं की आधी कॅमेऱ्याचा मास्क बघा, इथे तो 255.255.255.192 हवा. काही राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असतं, मग कॅमेऱ्याच्या हाकेला राउटरच ओ देतो आणि चुकीच्या मास्कवरही सगळं चालतं, राउटर बदलेपर्यंत.

मागून विचारताहेत की रिसेप्शनला कॅमेरे बघायचेच असतात, तर तो पीसी कॅमेऱ्यांच्या सेगमेंटमध्येच का टाकू नये? नको. त्यावर मेल उघडतात, पेनड्राइव्ह लावतात. तो स्टाफमध्येच ठेवा, डीएचसीपी रिझर्व्हेशन करून अ‍ॅड्रेस पक्का करा, आणि त्या एका अ‍ॅड्रेसवरून फक्त एनव्हीआरपर्यंत जायचा रूल लिहा, थेट कॅमेऱ्यांपर्यंत नाही.